कृती शेवटून वाच

दहावीच्या प्रात्यक्षिकाला बसणाऱ्या मुलाला एकच गोष्ट सांगायची असेल, तर मी सांगेन की कृती शेवटच्या ओळीपासून वर वाचत जा. ही माझी अक्कल नव्हे. मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची. मुलं ओळ वाचतात, ओळ करतात, मग पुढची ओळ वाचतात, याचा त्यांना भारी राग. ते म्हणायचे, "बाई, आधी शेवटी काय दिसायला हवं ते बघायचं. मग विचारायचं, हे दिसायला त्याच्या आधी काय झालेलं असलं पाहिजे?" हे मी त्यांच्याकडून घेतलं, आता तू घे.

परीक्षेत हल्ली प्रश्न असा येतो : पुढील कृतीतील दोन पायऱ्यांची अदलाबदल केल्यास काय होईल? मुलं लिहितात, "प्रयोग चुकेल." किंवा "अपेक्षित निष्कर्ष मिळणार नाही." याला मी गुण देत नसे. प्रयोग चुकेल हे शिपायालाही कळतं. नेमकं काय दिसेल, कशामुळे दिसेल आणि ते बघून मुलगा कोणता खोटा निष्कर्ष काढून बसेल, या तिन्ही गोष्टी आल्या तर उत्तर.

आपण एकच प्रयोग धरू. पानात स्टार्च तयार व्हायला प्रकाश लागतो, हे दाखवणारा. एकोणिसाव्या शतकात युलियस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने आयोडीन वापरून हे दाखवलं, आणि तेव्हापासून शाळाशाळांत तो होत आला आहे. त्यात रसायनशास्त्र थोडं, जीवशास्त्र थोडं आणि आग लागायची सोयही थोडी आहे. म्हणून क्रम शिकायला याच्यासारखा प्रयोग नाही.

कृती साधारण अशी असते. कुंडीतलं जास्वंदीचं झाड दोन-तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवा. झाडावरच्याच एका पानाला मधोमध काळ्या कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी क्लिपने लावा. झाड पाच-सहा तास उन्हात ठेवा. पान तोडा, पट्टी काढा, तिची जागा वहीत काढून ठेवा. पान उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. मग ते स्पिरिट असलेल्या परीक्षानळीत घालून, ती नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात ठेवा आणि पानाचा हिरवा रंग जाईपर्यंत थांबा. पान बाहेर काढून कोमट पाण्यात धुवा. पांढऱ्या बशीत पसरून त्यावर आयोडीनचं सौम्य द्रावण घाला. ऊन मिळालेला भाग निळा-काळा होतो, पट्टीखालचा भाग आयोडीनच्याच पिवळसर तपकिरी रंगाचा राहतो.

आता खालून वर चल.

शेवटी निळा-काळा रंग डोळ्याला दिसायला हवा. त्यासाठी पान फिकट हवं, कारण गडद हिरव्यावर निळं-काळं उठून दिसत नाही. पान फिकट व्हायला हरितद्रव्य बाहेर पडायला हवं. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून स्पिरिट. पण जिवंत पेशीची आवरणं शाबूत असली तर स्पिरिटला आत शिरायला आणि हरितद्रव्याला बाहेर पडायला वेळ लागतो. ती आवरणं मोडायला उकळतं पाणी. त्याच उकळण्याने पानातली विकरं, म्हणजे एन्झाइम, बंद पडतात आणि तोडलं त्या वेळी पानात जेवढा स्टार्च होता तेवढाच राहतो. तोडलेलं पान लगेच मरत नसतं. ते श्वसन करत राहतं, साठवलेला स्टार्च मोडून खात राहतं. म्हणून शाळा सुटताना पान तोडून डब्यात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाला उकळायचं, हे चालत नाही.

आणखी वर जा. पान तोडताना उघड्या भागात स्टार्च असायला हवा, म्हणून ऊन. आणि पट्टीखाली स्टार्च असता कामा नये. इथे मुलं फसतात. पट्टी लावली की स्टार्च नाही, असं त्यांना वाटतं. पट्टी नवा स्टार्च होऊ देत नाही, पण कालचा, परवाचा साठलेला स्टार्च पट्टीखाली तसाच असू शकतो. तो काढून टाकायचं काम अंधाराचं. अंधारात झाड नवं काही बनवू शकत नाही, पण जगायला त्याला लागतंच, म्हणून साठा मोडून साखर करतं आणि वापरतं, इतर भागांकडेही पाठवतं. दोन-तीन दिवसांत पान रिकामं होतं.

असं वर चढलास की प्रत्येक पायरीला आपोआप एक कारण चिकटतं. मग अदलाबदल विचारली की पाठ केलेलं आठवावं लागत नाही. कोणत्या पायरीचा पाया निघून गेला, एवढंच बघायचं.

पहिली अदलाबदल : ऊन आधी, अंधार नंतर. झाड दिवसभर उन्हात, मग दोन-तीन दिवस कपाटात, मग पान तोडलं. काय दिसेल? उघड्या भागात ऊन होतं तेव्हा स्टार्च झाला होता, पण नंतरच्या अंधारात तोही खर्च झाला. सगळं पान तपकिरी. मुलगा निष्कर्ष काढेल की प्रकाश मिळूनही या पानात स्टार्च होत नाही. बघ, दोन्ही पायऱ्या झाल्या, वेळही पूर्ण दिला, फक्त पुढेमागे झाल्या, तरी निष्कर्ष उलटा.

दुसरी : अंधाराची पायरी गाळलीच. आता सगळं पान निळं-काळं, पट्टीखालीसुद्धा. ही चूक पहिल्याहून घातक, कारण बशीत सुंदर गडद रंग दिसतो आणि प्रयोग यशस्वी झाल्यासारखा वाटतो. वर मुलगा लिहितो, प्रकाश नसला तरी स्टार्च होतो. या चुकीपासून वाचायचा उपाय सोपा आहे. अंधारातून झाड बाहेर काढलं की उन्हात ठेवायच्या आधी त्याच झाडाचं एक पान तोडून त्याची चाचणी करायची. ते तपकिरी निघालं तरच पुढे जायचं. निळसर निघालं तर झाड परत कपाटात. आमच्या जुन्या प्रयोगवह्यांत ही पायरी नसे, पण मामा ती न सांगता करून ठेवत आणि त्या पानाची बशी कोपऱ्यात झाकून ठेवत. कोणी विचारलं तर दाखवत.

तिसरी अदलाबदल परीक्षेत सगळ्यात जास्त विचारली जाते : आयोडीन आधी, स्पिरिट नंतर. यात दोन गोष्टी बिघडतात आणि मुलं एकच लिहितात. पहिली ही की हिरव्या पानावर आयोडीन टाकलं तर पानाच्या मेणचट पृष्ठभागावरून ते बरंचसं ओघळून जातं, आणि जे आत जातं त्याचा रंग हिरव्याखाली दडतो. सगळं काळपट हिरवं दिसतं, पट्टीची कड ओळखू येत नाही. दुसरी, जी राहून जाते, ती अशी की आयोडीन स्वतः अल्कोहोलमध्ये छान विरघळतं. म्हणजे नंतर पान गरम स्पिरिटमध्ये गेलं की हरितद्रव्याबरोबर आयोडीनही निघून जातं आणि हाती येतं फिकट, कोरं पान. मुलगा म्हणेल, स्टार्च नाही. पण स्टार्च अजून पानातच आहे! स्पिरिटने तो नेलेला नाही. म्हणून हे पान धुऊन पुन्हा आयोडीन घातलं तर प्रयोग वाचतो.

ही गोष्ट लक्षात ठेव, कारण इथे उत्तराची दुसरी पातळी सुरू होते. क्रम बिघडला तरी काही चुका त्याच तासात सुधारता येतात, काही येत नाहीत. आयोडीन लवकर पडलं, सुधारतं. पान धुवायचं राहिलं, सुधारतं. ऊन-अंधार उलटे झाले तर त्या तासात सुधारत नाही, दुसऱ्या पानाला पट्टी लावून झाड पुन्हा उन्हात ठेवावं लागतं. आणि एक चूक अशी आहे की तिच्यानंतर सुधारायला टेबलच राहत नाही. तिच्याकडे येतेच.

त्याआधी उकळतं पाणी आणि स्पिरिट यांची अदलाबदल एका दमात उरकून टाकू. कच्चं पान थेट स्पिरिटमध्ये गेलं तर हिरवा रंग फार सावकाश उतरतो, कुठे उतरतो, कुठे राहतो. शिवाय स्पिरिट पानातलं पाणी ओढून घेतं आणि ते ताठ होतं. नंतर उकळत्या पाण्यात घातलंस तरी उरलेलं हरितद्रव्य निघत नाही, कारण ते पाण्यात विरघळतच नाही. आयोडीन घातल्यावर डागडाग दिसतात आणि ते डाग पट्टीच्या आकाराशी जुळत नाहीत. डाग दिसले आणि कड दिसली नाही, तर संशय या पायरीवर घ्यायचा.

कोमट पाण्यात धुण्याची ओळ मुलांना फालतू वाटते. स्पिरिटमधून निघालेलं पान पापडासारखं कुरकुरीत झालेलं असतं. बशीत पसरायला गेलास तर तुकडे. कोमट पाण्यात बुडवलं की ते मऊ पडतं. आता हीच पायरी आयोडीनच्या नंतर ढकलली तर? पान तुटतं, ही झाली एक गोष्ट. आणि पाणी कोमट न ठेवता चांगलं कढत वापरलं, तर नुकताच आलेला निळा-काळा रंग डोळ्यांदेखत फिका पडतो. आयोडीन स्टार्चच्या मळसूत्री रेणूंत अडकून तो रंग देतं, आणि उष्णतेने ती पकड सुटते. पान थंड झालं की रंग परत येतो, निदान पुष्कळसा. हे मुद्दाम करून बघ. परीक्षानळीत थोडी भाताची पेज, आयोडीनचा एक थेंब, गरम कर, थंड कर. आयोडीन नेहमी पान गार झाल्यावरच का घालायचं, हे दहा ओळी वाचून समजणार नाही इतकं त्या नळीत समजतं.

आता आगीची गोष्ट.

शुद्ध अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी १००ला. त्यामुळे गरम पाण्याच्या चंचुपात्रात नळी ठेवली की ज्योत जवळ न आणता स्पिरिट उकळतं. पण खरा धोका उकळण्यात नाही. अल्कोहोलची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला ते तापवावंही लागत नाही. साधारण १७ अंशांच्या आसपासच त्यावर पेट घेईल इतकी वाफ जमते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बारा महिने. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, टेबलावरून पसरत जाते, आणि हातभर लांब पेटत्या बर्नरपर्यंत पोचली तर ज्योत उलटी बाटलीकडे येते. स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते, खिडकीतून ऊन येत असेल तर दिसतसुद्धा नाही.

म्हणून क्रम असा : बर्नरवर पाणी उकळ, त्यात पान बुडवून घे, बर्नर पूर्ण बंद कर, मग स्पिरिटची बाटली उघड, नळीत स्पिरिट घाल, बाटली बंद करून लांब ठेव, आणि नळी त्याच तापलेल्या पाण्यात उभी कर. पान उकळायचं पाणी आणि स्पिरिट तापवायचं पाणी एकच, ही यातली खुबी. मामांना यात काटकसर दिसे, मला सुरक्षितता दिसे. दोन्ही खरं. पाणी मध्येच निवलं तर नळी बाहेर काढून तोंड झाकून लांब ठेवायची, मग पाणी पुन्हा तापवायचं, बर्नर बंद करायचा आणि नळी परत आत. नळी आत असताना खाली बर्नर पेटवायचा नाही. आणि हा भाग शिक्षक शेजारी उभे असतानाच करायचा, घरी स्वयंपाकघरात नाही.

पुस्तकात ही दक्षता कुठे छापलेली असते? कृतीच्या शेवटी, निष्कर्षाच्याही नंतर, बारीक टाइपात. म्हणजे ओळीने करत जाणारा मुलगा आग लागून विझल्यावर ती वाचतो. तू मात्र "दक्षता" हा परिच्छेद पहिला वाच आणि त्यातलं प्रत्येक वाक्य कृतीच्या कोणत्या दोन ओळींच्या मध्ये बसतं ते पेन्सिलीने लिहून ठेव.

दुसरा सापळा वाक्याच्या घडणीत असतो. "स्पिरिटची बाटली उघडण्यापूर्वी बर्नर बंद करा." वाचताना आधी काय येतं? बाटली उघडणं. घाईत वाचणाऱ्या पोराच्या हाताला पहिलं क्रियापद पोचतं आणि हात बाटलीकडे जातो. तसंच "पान उकळण्यापूर्वी पट्टीची जागा वहीत काढा." अशी 'पूर्वी'वाली वाक्यं दिसली की ती वहीत दोन ओळी करून, करायच्या क्रमाने लिहायची. "होईपर्यंत" दिसलं की तिथे घड्याळाला किंमत नाही, डोळ्याला आहे : पान फिकट होईपर्यंत म्हणजे पाच मिनिटंही लागतील, पंधराही. "लगेच" दिसलं की त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये हजेरी, डबा, शाई भरणं काहीही घुसवायचं नाही.

पट्टीची जागा काढायची ओळ मुलं हमखास मागे टाकतात. नंतर काढू, पान कुठे पळतंय? पान पळत नाही, पण पट्टीची खूण पळते. स्पिरिटमधून आल्यावर सगळं पान सारखंच फिकट असतं. मग शेवटी तपकिरी पट्टा जिथे दिसला तिथेच पट्टी होती, असं मुलं ठरवून टाकतात, आणि तसं ठरवलं की प्रयोग काहीच सिद्ध करत नाही. क्रोटन किंवा मनीप्लांटचं ठिपक्यांचं पान घेऊन हरितद्रव्याची गरज दाखवायचा जो प्रयोग आहे, त्यात तर हे आणखी बोचतं. हिरवे भाग कागदावर आधीच उतरवून घेतले नाहीत तर स्पिरिटनंतर हिरवं-पांढरं असं काही उरतच नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात ते भाग उतरवून घ्यायची सूचना पान उकळण्याच्या आधी आहे, ती उगाच नाही. शिवाय चार गटांची पानं एकाच नळीत गेली तर कोणाचं कुठलं ते कळत नाही. देठाजवळ कात्रीने एक, दोन, तीन खाचा मारायच्या. तेही उकळण्याच्या आधी.

आता उलट बाजू. सगळ्याच पायऱ्या जागेला खिळलेल्या नसतात, आणि प्रश्नपत्रिका काढणारा हुशार असेल तर तो अशीच एक जोडी देतो. काळी पट्टी अंधारात ठेवण्याआधी लावली काय किंवा अंधारातून काढल्यावर, ऊन लागायच्या आधी लावली काय, फरक पडत नाही. कारण अंधारात पट्टीला काही कामच नाही. पण ऊन सुरू झाल्यावर तासाभराने लावली तर पडतो, तेवढ्यात पट्टीखाली थोडा स्टार्च झालेला असतो आणि मग ना धड निळा ना तपकिरी असा मधला रंग येतो. बशी आधी पुसली की आयोडीन आधी भरलं, याला महत्त्व नाही. "या अदलाबदलीने फरक पडत नाही" असं उत्तर लिहायला मुलं घाबरतात. कारण देऊन लिहिलं तर ते पूर्ण गुणांचं उत्तर आहे.

आयोडीनचं द्रावण स्वतः करायचं असेल तर त्यातही असाच एक क्रम दडलेला आहे. १ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ३०० मिलिलिटर पाणी. आधी आयोडाइड अगदी थोड्या पाण्यात विरघळवायचं, त्या दाट द्रावणात आयोडीनचे खडे घालून ते पूर्ण विरघळू द्यायचे, आणि मग उरलेलं पाणी. आयोडीन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आयोडाइडशी जोडी जमली तरच विरघळतं, आणि ती जोडी दाट द्रावणात चटकन जमते. सगळं पाणी आधी ओतलंस तर खडे तळाशी चमकत बसतात आणि वरचं पाणी फिकट पिवळं. असं फिकं द्रावण पानावर घातलं की रंग येत नाही आणि दोष पानाला लागतो.

एव्हाना तुला वाटेल, ज्योत आधी बंद करायची हा नियम पाठ करून ठेवावा. तो पाठ करू नकोस. पोटॅशियम परमँगनेट तापवून ऑक्सिजन गोळा करायचा प्रयोग बघ. परीक्षानळीत परमँगनेट, तोंडाशी थोडा कापूस, बुचातून निघालेली वाहक नळी पाण्याच्या भांड्यात, आणि वायू पाण्यावर उपड्या ठेवलेल्या पात्रात जमतो. इथे शेवटच्या दोन ओळी असतात : वाहक नळी पाण्यातून बाहेर काढा, नंतर बर्नर बंद करा. कोणी स्पिरिटचा धडा आठवून बर्नर आधी बंद केला, तर तापलेल्या नळीतला वायू निवतो, आकसतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा भांड्यातलं पाणी वाहक नळीतून वर ढकलते. थंड पाणी तापलेल्या काचेवर आलं की काच तडकते. तिथे ज्योत आधी, इथे ज्योत शेवटी. दोन्हीकडे कारण वेगळं : एकीकडे वाफ पेटते, दुसरीकडे वायू आकसतो. कारण माहीत असेल तर क्रम विसरला तरी परत उभा करता येतो.

(त्याच प्रयोगात पहिले बुडबुडे ऑक्सिजनचे नसतात, नळीतल्या हवेचे असतात. म्हणून पात्र वाहक नळीवर लगेच ठेवायचं नसतं. हीसुद्धा क्रमाचीच गोष्ट, पण ती फक्त उत्तराची शुद्धता बिघडवते, काच नाही.)

आता उत्तर कसं लिहायचं ते दाखवते. प्रश्न : झाड उन्हात ठेवण्याची आणि झाड अंधारात ठेवण्याची पायरी यांची अदलाबदल झाल्यास काय होईल? उत्तर : "उन्हात तयार झालेला स्टार्च नंतरच्या अंधारात वापरला जाईल. त्यामुळे पान तोडताना उघड्या भागातही स्टार्च नसेल. आयोडीन टाकल्यावर पट्टीखालचा आणि उघडा, दोन्ही भाग तपकिरी दिसतील. प्रकाश मिळूनही स्टार्च तयार झाला नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघेल. ही चूक त्याच पानावर सुधारता येणार नाही." पाच वाक्यं, आणि एकही भरताड नाही. पहिलं वाक्य कारण, मग पानात काय उरलं, मग डोळ्याला काय दिसलं, मग खोटा निष्कर्ष, मग सुधारणा. डोळ्याला काय दिसलं हे वाक्य मुलं खातात आणि गुण तिथेच जातात.

उलटा सरावही करायचा. समोर बशी ठेवली आहे असं समज आणि क्रम ओळख. सगळं पान निळं-काळं : अंधार पुरेसा झाला नाही. सगळं तपकिरी : ऊन मिळालं नाही, किंवा अंधार उन्हानंतर झाला, किंवा पान तोडून बराच वेळ पडून होतं, किंवा आयोडीन फिकं होतं. शेवटचं ओळखायला त्याच आयोडीनचा थेंब उकडलेल्या बटाट्यावर टाक. बटाटा निळा-काळा झाला तर आयोडीन निर्दोष. आणि पान कांद्याच्या पातीचं असेल तर क्रमाला बोल लावू नकोस. कांदा पातीत स्टार्चऐवजी साखर साठवतो, तिथे सगळं बरोबर करूनही निळं येत नाही.

या प्रयोगात एक पळवाट मात्र राहते, आणि ती क्रम कितीही नीट पाळला तरी बुजत नाही. काळी पट्टी दोन्ही बाजूंनी घट्ट बसली तर ती प्रकाशाबरोबर हवाही अडवते, म्हणजे कार्बन डायऑक्साइडही. मग तपकिरी पट्टा अंधारामुळे की हवा न मिळाल्यामुळे? दुसऱ्या पानाला तशीच, तेवढीच घट्ट, पण पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावायची. तिच्याखाली निळं-काळं आलं तर काळ्या पट्टीखालच्या तपकिरीचं कारण प्रकाशच. तोंडी परीक्षेत हे सांगितलंस तर बाहेरून आलेले परीक्षक मान वर करून बघतील.

शेवटी वेळापत्रक. कुंडी शुक्रवारी शाळा सुटताना कपाटात ठेव आणि फटीतून उजेड येत नाही ना ते आत डोकं घालून बघ. सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी एक पान तोडून तपास, ते तपकिरी निघालं तर पट्टी लाव, कुंडी गच्चीत. दुपारच्या शेवटच्या दोन तासांत बाकीचं होतं. हा प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये घेऊ नका, कोकणात तर नाहीच. ढगाळ दिवसात स्टार्च इतका कमी होतो की सगळं बरोबर करूनही पान फिकट निळसर येतं. दिवाळीच्या सुटीनंतर घ्या.